अण्णा बोलले, अण्णा म्हणाले

माझ्या मैत्रिणीचं आणि माझं भांडण एकाच क्रियापदावरून आहे आणि त्याला आता वीस वर्षं होत आली. ती परळची. मी वाढले साताऱ्याकडे, शिकले पुण्यात, मग कोलकात्यात, आणि गेली अनेक वर्षं हैदराबादला राहून हिंदी आणि बांगलामधून मराठीत अनुवाद करते. ती 'तो मला बोलला, उद्या येतो' असं म्हणते. मी तिला सांगते, 'तो मला म्हणाला'. ती हसते आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'बोलला'.

मराठी घरांत हा वाद नवा नाही. मुंबईबाहेरच्या पुष्कळांना ही 'बोलला'ची लकब खटकते, आणि ज्यांना खटकते त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मराठीत तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांची कामं वाटून दिलेली आहेत. कुणाचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर 'म्हणणे'. माहिती, निरोप, गोष्ट, पत्ता द्यायचा तर 'सांगणे'. संवाद करायचा, भाषा वापरायची, तोंड उघडायचं तर 'बोलणे'. बोलणं कुणाशी तरी होतं, म्हणून 'माझ्याशी बोलला'. 'मला बोलला' याचा अर्थ निराळाच, तो म्हणजे रागावला, दोष दिला. 'सासू सुनेला बोलली' म्हटल्यावर सासूने काय सांगितलं हे कुणी विचारत नाही. बोलणी खाणे, बोल लावणे, टोचून बोलणे ही सगळी त्याच घरातली भावंडं.

ही मांडणी मी इतक्यांदा केली आहे की ती मला पाठ आहे. मागच्या पावसाळ्यात मैत्रीण चार दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी चहाच्या टेबलावर मी ती पुन्हा म्हणून दाखवली. निमित्त माझ्या हातातल्या प्रुफांचं होतं. एका हिंदी कादंबरीचा अनुवाद चालू होता. निवेदक मुंबईच्या चाळीत वाढलेला पोरगा, आणि सगळी गोष्ट त्याच्याच तोंडून. मैत्रिणीने पाच-सहा पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली,

"हा पोरगा सदाशिव पेठेतून परळला राहायला आलाय का?"

"का गं?"

"दर दुसऱ्या ओळीत 'म्हणाला', 'म्हणाली'. आमच्या चाळीत असं कोण बोलतं? शाळेतल्या बाई बोलायच्या. त्याही वर्गात."

"मग काय चुकीचं लिहू?"

"चुकीचं आहे हे कुणी ठरवलं?"

मी नियमांकडे वळले. ती ऐकून घेत होती, पण तिने मला मध्येच थांबवलं. कुठले नियम, असं विचारलं. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये त्यात भर पडलेले चार, असे अठरा नियम मी तिला सांगू शकले असते. पण ते ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे, लेखनाचे नियम आहेत. कुठलं क्रियापद कुठे वापरायचं याबद्दल ते काही सांगत नाहीत, हे मलाही माहीत होतं. तेव्हा मी दुसरं हत्यार काढलं.

"हे हिंदीतून आलंय. हिंदीच्या संगतीने मराठी बिघडली, त्यातला हा प्रकार."

"हिंदीत काय म्हणतात? तू तर रात्रंदिवस हिंदीच वाचतेस."

"उसने कहा."

"म्हणजे 'कहा'. मग 'बोला' कुठून आलं?"

मी गप्प झाले. पुस्तकी हिंदीतही 'कहना', 'बताना' आणि 'बोलना' अशी वाटणी आहे, जवळपास आपल्यासारखीच. 'मेरे को बोला' ही मुंबईची हिंदी, आणि त्या हिंदीने मराठीतून किती घेतलंय हे कुणीही सांगेल. म्हणजे परळच्या मराठीने मुंबईच्या हिंदीतून घेतलं, की हिंदीने परळच्या मराठीतून, की गिरण्यांच्या आणि गोदीच्या त्या शहरात दोघी एकत्रच तशा झाल्या, हे 'हिंदीचा परिणाम' या दोन शब्दांत सुटत नाही. माझा आरोप इतका सोपा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने कोटीकडे निघालो. रिक्षावाला फोनवर कुणाची तरी तक्रार करत होता. 'आतूँ बोलके बोला, आया नहीं.' मैत्रिणीने मला कोपर मारलं. मी इतकी वर्षं हैदराबादला राहते, हे वाक्य रोज ऐकते, आणि मला ते कधी खटकलं नाही. दख्खनीत 'बोलके' हा शब्द नेमका आपल्या 'म्हणून'च्या जागी बसतो. 'येतो म्हणून म्हणाला' याचंच ते रूप. तेलुगूत इथे 'अनि' येतं, कन्नडमध्ये 'एंदु', दोन्ही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंपासून. शेजारच्या भाषांकडे असा जोडणारा शब्द होता, तो दख्खनीने आपल्याकडच्या 'बोल'पासून घडवला. आणि बांगलात तर 'बॉला' हे एकच क्रियापद म्हणण्याचं आणि सांगण्याचंही काम करतं, बोलायचं असेल तर नुसतं 'कॉथा' जोडायचं, 'कॉथा बॉला'. त्याचंच 'बोले' हे रूप आपल्या 'म्हणून'सारखं वाक्य जोडतं. कोलकात्यात तौलनिक साहित्य शिकताना मी यावर टिपणंसुद्धा काढली होती. बांगला कादंबरीतलं हे क्रियापद मी प्रत्येक वेळी थांबून, संदर्भ पाहून 'म्हणाला' की 'सांगितलं' की 'बोलला' हे ठरवते, आणि त्या वेळी माझ्या मनात कधी आलं नाही की बंगाल्यांची भाषा बिघडली आहे.

रिक्षातून उतरताना मैत्रीण म्हणाली, "बंगाली बोलला तर भाषाशास्त्र, आणि मी बोलले तर चूक?"

याला माझ्याकडे एक उत्तर होतं आणि ते मला अजूनही पोकळ वाटत नाही. बांगलात एकच शब्द असला तरी त्या भाषेने आपला हिशेब त्याप्रमाणे बसवून घेतला आहे. मराठीत तीन शब्द आहेत. त्यातला एक दुसऱ्याच्या जागेवर बसला की तिसऱ्याच ठिकाणी गळती लागते. 'मला बोलला' म्हणजे रागावला. हा अर्थ गेला तर आवाज न चढवता माणसाला आतून लागेल असं बोलणं दाखवायला आपल्याकडे दुसरं काय आहे? मैत्रिणीला हे मी दुपारी इराणी हॉटेलात सांगितलं. तिचा चेहरा जरा बदलला.

"तू अण्णांवरच्या लेखात काय केलंस, आठवतंय?"

आठवत होतं, पण ती काय म्हणणार आहे ते माहीत नव्हतं.

तिचे वडील, अण्णा, रत्नागिरीकडून गिरणीत आलेले. 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही. मग त्यांनी मिळेल ते काम केलं. ते गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. चाळीच्या स्मरणिकेसाठी मैत्रिणीने त्यांच्यावर तीन पानं लिहिली आणि 'जरा बघून दे' म्हणून मला पाठवली. मी ती बघितली. चौदा ठिकाणी 'बोलले' होतं. बारा ठिकाणी मी 'म्हणाले' केलं, दोन ठिकाणी 'सांगितलं'. लेख छापून आला, तिने मला प्रत पाठवली, आभार मानले. मला वाटलं, झालं.

"त्यात एक वाक्य होतं," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं, 'अण्णा मला कधीच ओरडले नाहीत.' तू काय केलंस?"

मला ते वाक्य लख्ख आठवलं. 'ओरडणे' म्हणजे मोठ्याने आवाज करणे. माझ्या मराठीत माणूस कुणावर तरी ओरडतो, कुणाला ओरडत नाही. आणि हळव्या लेखात 'ओरडले' हा शब्द मला रांगडा वाटला होता. म्हणून मी माझ्या मते अधिक मृदू आणि अधिक अस्सल मराठी वाक्य केलं होतं: 'अण्णा मला कधीच काही बोलले नाहीत.' म्हणजे कधी दोष दिला नाही, बोल लावला नाही.

"स्मरणिका वाचून माझी आत्या घरी आली," मैत्रीण म्हणाली. "दारातच बोलली, 'तुझा आणि अण्णाचा अबोला होता काय गं? कधी कळलं नाही.' मला काही कळेना. मग तिने ओळ दाखवली. चाळीत सगळ्यांनी तसंच वाचलं होतं. अण्णा मला कधीच काही बोलले नाहीत. म्हणजे काही म्हणालेच नाहीत. बाप आयुष्यभर पोरीशी एक शब्द बोलला नाही, असं मीच छापून आणलं होतं."

चहा तसाच राहिला. मी तिला विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुझं मराठी चांगलं, तू एम.ए., मला वाटलं चूक माझीच असेल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. काय झालं होतं ते मी नीट जुळवून पाहिलं. परळच्या मराठीत 'बोलणे' जर 'म्हणणे'च्या जागेवर आलं, तर रागावण्याची जागा मोकळी पडणारच. ती तिथे मोकळी पडलेली नाही. तिथे 'ओरडणे' आलं आहे. 'आई ओरडेल', 'बाई मला ओरडल्या' यात आवाज मोठा असलाच पाहिजे असं नाही. हळू आवाजातही मुंबईची आई ओरडू शकते. म्हणजे बांगलासारखाच या बोलीनेही आपला हिशेब बसवून घेतलेला आहे. एक खुर्ची सरकली तशा तिच्या मागच्या खुर्च्याही सरकल्या, आणि चाळीत कुणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ झाला तो मी अर्ध्या खुर्च्या परळच्या आणि अर्ध्या साताऱ्याच्या मांडल्या तेव्हा. चौदा 'बोलले' काढून टाकूनही वाचणारे परळचेच होते. त्यांच्या वाचनात पंधरावं, मी घातलेलं 'बोलले', त्यांच्याच अर्थाने उमटलं.

चूक ओळखायची एखादी खूण असेल तर ती इथेच असावी असं मला वाटू लागलं. घसरलेली जीभ एकदा एक, एकदा दुसरं बोलते. चूक दाखवली की माणूस स्वतःच ती दुरुस्त करतो. बोलीला मात्र नियम असतो. सकाळी मी मैत्रिणीला पकडलं आणि एकेक वाक्य तिच्यासमोर ठेवलं.

"पाऊस आला बोलून थांबलो. चालेल?"

"वेडी आहेस का? पाऊस आला म्हणून थांबलो."

"ते आजारी आहेत बोले."

"आजारी आहेत म्हणे."

"मला पत्ता बोल."

"पत्ता सांग. बोल काय?"

"आजी गोष्ट बोलली."

"गोष्ट सांगतात गं. आता बास."

मी बास केलं नाही. 'तो मला बोलला, निघ' हे तिला चालत होतं, 'त्याने मला निघायला सांगितलं' हेही. म्हणजे कुणाचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तिथे 'बोलणे', पत्ता, गोष्ट, निरोप अशी वस्तू द्यायची तिथे 'सांगणे', आणि 'म्हणून', 'म्हणजे', 'म्हणे' जिथल्या तिथे. अर्ध्या तासात ती एकदाही अडखळली नाही. मी मात्र दोनदा अडखळले, कारण तिच्या नियमाने वाक्य करायला मला विचार करावा लागत होता. इतकी वर्षं मी जिला ढिलाई म्हणत होते ती निराळ्या मापाची शिस्त होती.

आणखी एक गोष्ट मला कबूल करावी लागली. माझी आजी 'म्हणाली' म्हणत नसे. ती 'म्हणली' म्हणायची. 'ती म्हणली, मी म्हणलं, जा.' पुण्याच्या शाळेत पहिल्याच वर्षी मी तो शब्द टाकला. कुणी मारलं नाही, कुणी रागावलंही नाही. एक मुलगी हसली, एवढंच. प्रमाण मराठीत भूतकाळ 'ती म्हणाली' असाही होतो आणि 'तिने म्हटलं' असाही. त्या दोन्हींमध्ये माझ्या आजीचं रूप कुठेच बसत नव्हतं, म्हणून मी ते सोडलं आणि पुढे ज्यांनी आपलं रूप सोडलं नाही त्यांना दुरुस्त करत राहिले. मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "मग तू पण आमच्यातलीच," एवढंच म्हणाली.

याचा अर्थ मी सगळं सोडून दिलं असा नाही, आणि तिनेही सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली की ऑफिसात बैठकीचं इतिवृत्त लिहिताना ती 'अध्यक्ष म्हणाले' असंच लिहिते. ते नागपूरलाही वाचलं जातं, कोल्हापूरलाही. जिथे वाचणारा कुठला आहे हे ठाऊक नसतं, तिथे सगळ्यांच्या ओळखीचं रूप वापरणं हा सोयीचा करार आहे. तो मोडला तर चूक म्हणता येईल, पण ती चूक करार मोडण्याची, मराठी न येण्याची नाही. तिच्या मुलीने निबंधात 'बोलली' लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली, तर मैत्रीण बाईंशी भांडणार नाही. मुलीला मात्र ती सांगेल की निबंधात म्हणाली लिही, घरी बोल. हे 'दोन्ही ठेव' सांगणारं माणूस मला माझ्या शाळेत भेटलं नव्हतं.

आणि काही ठिकाणी मी अजून अडून आहे. 'याला मराठीत काय बोलतात?' हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. 'प्रार्थना बोला'लाही पडते, कारण श्लोक, कविता, गाणं म्हणण्यात एक लय आहे, ती मला 'बोलण्यात' ऐकू येत नाही. मैत्रीण म्हणते, तुझी आठी हा काही पुरावा नाही. बरोबर आहे. पण आवडत नाही असं म्हणायचा हक्क मी ठेवला आहे. चूक आहे असं म्हणायच्या आधी मात्र आता मी थांबते आणि विचारते की या माणसाच्या मराठीत हे कुणाच्या जागेवर बसलंय, आणि तिथून उठलेलं कुठे गेलंय.

कादंबरीचं काय केलं ते सांगायला हवं. चाळीतल्या पोराच्या तोंडी मी 'बोलला' घातलं. पण नुसतं तेवढं करून भागलं नाही. अण्णांच्या वाक्याने मला ते शिकवलं होतं. जिथे जिथे मी 'आई मला बोलली' असं रागावण्याच्या अर्थाने लिहिलं होतं, तिथे 'ओरडली' करावं लागलं. 'माझ्याशी बोलला' मात्र तसंच राहिलं, कारण ते परळलाही तसंच आहे. 'म्हणून' आणि 'म्हणे'ला हात लावला नाही. दोनशे चाळीस पानं या एका क्रियापदासाठी पुन्हा वाचली, त्याला अकरा दिवस लागले. शाळेतल्या मास्तरांचे संवाद मी 'म्हणाले'तच ठेवले, आणि मग दिसलं की पोरगा आणि मास्तर यांच्यातलं जे अंतर मूळ हिंदीत 'बोला' आणि 'कहा' यांतून येत होतं, ते माझ्या पहिल्या खर्ड्यात पुसलंच गेलं होतं.

प्रकाशकाकडून प्रुफं परत आली तेव्हा मुद्रितशोधकाने पहिल्या वीस पानांतले सगळे 'बोलला' खोडून वर 'म्हणाला' लिहिलं होतं, सुबक अक्षरात. विसाव्या पानावर समासात प्रश्नचिन्ह होतं, त्यानंतर खोडणं थांबलं होतं. मी त्यांना फोन केला आणि अण्णांच्या लेखाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरीही असंच बोलतात. मला वाटलं, तुमची नजरचूक असेल."

मैत्रीण जाताना मी तिच्याकडून त्या लेखाची मूळ हस्तलिखित पानं मागून घेतली. पुढच्या वर्षी चाळीची पुन्हा स्मरणिका निघते आहे आणि त्यात जुने निवडक लेख घेणार आहेत. पानं मी स्वतः टाइप केली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, एक स्वल्पविराम घातला. चौदा 'बोलले' मोजून पाहिले. 'अण्णा मला कधीच ओरडले नाहीत' हे वाक्य टाइप करताना बोटं क्षणभर थांबली, सवयीने. मग मी पुढच्या ओळीवर गेले.